‘येताय ना?’चं ‘नावे पाठवावीत’ कसं करायचं

प्रश्न : सर, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात एचआरला आहे. आयएसओ ९००१ चं इंटर्नल ऑडिटर ट्रेनिंग २४ आणि २५ फेब्रुवारीला ठरलंय, २० जागा आहेत. क्वालिटीच्या मॅडमनी ग्रुपवर टाकायला हा मजकूर दिला होता : “नमस्कार मंडळी! पुढच्या मंगळवार-बुधवारी आपल्याकडे इंटर्नल ऑडिटरचं धमाल ट्रेनिंग! पुण्याहून जबरदस्त सर येतायत. शिकायचं, हसायचं आणि शेंगापोळीचं मस्त जेवण! सकाळी साडेनऊच्या आसपास, नेहमीच्या हॉलमध्ये. जागा थोड्याच, पटापट नावं द्या. येताय ना?” आता साहेब म्हणतात, दोन्ही युनिटच्या हेडना रीतसर नॉमिनेशनचा मेल काढ, मराठीतच, वेळापत्रक, जागा, हजेरी सगळं घालून. मी ‘मंडळी’ काढून ‘सर्व सहकाऱ्यांना कळविण्यात येते की’ घातलं आणि उद्गारचिन्हं काढली, तर साहेबांनी परत पाठवलं. नेमकं काय बदलायचं? आमचं दुसरं युनिट चिंचोळीला आहे.

उत्तर :

साहेबांनी मेल परत का पाठवला असेल, ते तुमच्या पहिल्याच ओळीत दिसतं. ‘सर्व सहकाऱ्यांना’. भाषा तुम्ही बदललीत, पण मेल अजून त्याच माणसांना जातोय. निमंत्रण ट्रेनिंगला बसणाऱ्याला जातं आणि ‘येऊ का’ हे तोच ठरवतो. नॉमिनेशनचा मेल युनिट हेडला जातो आणि कोणाला पाठवायचं हे हेड ठरवतो. एवढं पक्कं केलंत की निम्मा मजकूर आपोआप बदलतो. ट्रेनर किती जबरदस्त आहे यात हेडला रस नसतो. त्याला हवं असतं ते वेगळं : माझे किती लोक जाणार, कधीपासून कधीपर्यंत, लूमवर त्या वेळी कोण उभं राहणार, आणि मी कोणाला पाठवलं तर ते फुकट जाणार नाही.

म्हणून वाक्यं सुधारायला बसण्याआधी कागदावर मूळ मजकुरातली मोघम जागा शोधा. तुमच्या मजकुरात त्या चार आहेत आणि चारही ठिकाणी घोटाळा होऊ शकतो.

‘पुढच्या मंगळवारी’. मेल १० फेब्रुवारीला, म्हणजे मंगळवारीच निघाला, तर निम्मे लोक १७ तारीख धरतील आणि निम्मे २४. तारीख, वार आणि वर्ष तिन्ही लिहा. वार लिहिण्याचा फायदा असा की तारीख टाइप करताना चुकली तर वाराशी जुळत नाही आणि कोणीतरी फोन करून विचारतं.

‘नेहमीच्या हॉलमध्ये’. अक्कलकोट रोडवाल्यांचा नेहमीचा हॉल तुमच्या ऑफिसच्या वरचा. चिंचोळीवाल्यांचा नेहमीचा हॉल चिंचोळीत. एक युनिट शहराच्या या टोकाला अक्कलकोटच्या वाटेवर, दुसरं पार पुणे रोडला. चुकीच्या हॉलमध्ये गेलेला माणूस शहर ओलांडून येईपर्यंत पहिलं सत्र संपलेलं असतं. युनिटचं नाव, इमारत, मजला आणि कोणत्या गेटने आत यायचं, हे लिहाच.

‘साडेनऊच्या आसपास’. नोंदणीची वेळ आणि सत्र सुरू होण्याची वेळ वेगवेगळी द्या. एकच वेळ दिली तर त्या वेळेला लोक गेटवर असतात, हॉलमध्ये नाही.

‘पटापट नावं द्या’. कोणी, कोणाला, कधीपर्यंत, कशात? व्हॉट्सॲपवर ‘मी येतो’ म्हणणारा माणूस आणि हेडने पाठवलेलं नाव यांत फरक आहे. पहिला माणूस २४ तारखेला डाइंगमध्ये शेड जुळत नाही म्हणून अडकला तर त्याला सोडायची जबाबदारी कोणावरच नसते.

आता नॉमिनेशनला खरं वजन येतं ते कोणाला निवडायचं या परिच्छेदाने, आणि नेमका तोच बहुतेक मेलमध्ये नसतो. इंटर्नल ऑडिटरने ऑडिट निःपक्षपातीपणे करायचं असतं, ही आयएसओ ९००१ मधल्या कलम ९.२ ची अपेक्षा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की स्टिचिंगच्या सुपरवायझरने स्टिचिंगचं ऑडिट करायचं नाही. समजा तुमच्याकडे वीसही नावं पॅकिंगमधून आली. असं होतं, कारण कंटेनर नुकताच निघालेला असेल तर पॅकिंगला माणसं मोकळी असतात. मग ट्रेनिंगनंतर तुमच्याकडे वीस ऑडिटर असतील आणि पॅकिंगचं ऑडिट करायला एकही नसेल. तेव्हा ‘एका विभागातून जास्तीत जास्त दोन’ अशी मर्यादा मेलमध्येच घाला. हेड रागावत नाहीत. उलट त्यांनाही खालच्या विभागप्रमुखांना सांगायला कारण मिळतं.

निवडीच्या बाकी अटी मोजक्याच ठेवा. युनिटमध्ये किमान एक वर्ष काम केलेलं असावं, म्हणजे यार्न स्टोअरपासून पॅकिंगपर्यंत माल कसा फिरतो हे माहीत असतं. आणि लिहिता-वाचता येण्याची अट स्पष्ट घाला, कारण ऑडिटरचं अर्धं काम निरीक्षण लिहून काढायचं आहे. इथे सोलापूरचा एक मुद्दा येतो. आपल्याकडे चांगले जॉबर आणि सुपरवायझर घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे असतात. त्यांना मराठी ऐकून नीट समजतं, पण हातात इंग्रजी पुस्तिका आली की ते गप्प होतात. ट्रेनिंग कोणत्या भाषेत आणि वाचायचं साहित्य कोणत्या भाषेत, ही ओळ असली की हेड योग्य माणूस निवडतो. ती नसली तर तो इंग्रजी येणारा नवा ट्रेनी पाठवतो, आणि अशी मुलं वर्षभरात पुण्याला निघून जातात.

हजेरीच्या परिच्छेदाकडे जरा नीट बघा, कारण तिथे ‘हजेरी अनिवार्य आहे’ एवढं लिहून लोक मोकळे होतात. अनिवार्य म्हणजे काय हे लिहावं लागतं. दोन्ही दिवस का एक चालेल? जेवणानंतर तासभर खाली लूमवर जाऊन आलं तर? दुसऱ्या दिवशी बदली माणूस पाठवला तर? या प्रत्येकाचं उत्तर मेलमध्ये हवं, आणि त्यामागचं कारण एका वाक्यात हवं. कारण असं : कलम ७.२ नुसार माणूस त्या कामासाठी सक्षम आहे याचा पुरावा जपून ठेवावा लागतो. सर्टिफिकेशनवाले ऑडिटर येतात तेव्हा इंटर्नल ऑडिटचा रिपोर्ट हातात घेतात, त्यावरचं नाव बघतात आणि विचारतात, यांच्या ट्रेनिंगची नोंद दाखवा. हजेरीपत्रकावर दुपारची सही नसेल तर तुम्हाला उत्तर देता येत नाही. म्हणून सही दिवसातून एकदा नाही, सकाळी आणि जेवणानंतर अशी दोनदा घ्या.

आणि शिफ्ट. हा भाग एचआरमधल्या नव्या माणसांच्या लक्षात येत नाही, कारण आपण सगळे जनरलला असतो. तुमच्या तीन पाळ्या ७ ते ३, ३ ते ११ आणि ११ ते ७ अशा धरतो. २३ तारखेला रात्री ११ ला कामावर आलेला माणूस २४ ला सकाळी ७ ला सुटतो. त्याला तुम्ही ९ ला हॉलमध्ये बसवलं तर तो येईल, सही करेल आणि झोपेल. तसंच दुपारपाळीच्या माणसाचा ‘ट्रेनिंग झालं, आता शिफ्टला ये’ असा बेत काही सुपरवायझर करतात. म्हणून २३ ची रात्रपाळी द्यायची नाही आणि दोन्ही दिवस माणूस जनरल शिफ्टला दाखवायचा, असं मेलमध्ये लिहावं लागतं. पाळी बदलणं हेडच्या हातात असतं, माणसाच्या नाही. मेल हेडला का जायला हवा, त्याचं हे आणखी एक कारण.

याच्याच जोडीला टाइम ऑफिस. चिंचोळीच्या माणसाने अक्कलकोट रोडच्या मशीनवर बोट लावलं तर बहुतेक ठिकाणी ते लागत नाही, कारण त्याचं नाव त्या मशीनमध्ये नसतं. महिनाअखेरीला त्याचे दोन दिवस गैरहजर दिसतात, पगार कापला जातो आणि पुढच्या ट्रेनिंगला तो ‘नको साहेब’ म्हणतो. ऑन ड्युटीची नोंद होईल असं लिहा आणि मेलची प्रत टाइम ऑफिसला टाका. उमेदवारांना मात्र प्रतीत घेऊ नका, त्यांची नावं अजून ठरायची आहेत.

भाषेबद्दल थोडंसं. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस सूचित करण्यात येते की’ हे सरकारी परिपत्रकात शोभतं. कारखान्याच्या मेलमध्ये हेड तेवढं वाचून खाली उडी मारतो. औपचारिकपणा क्रियापदाने आणा : ‘पाठवावीत’, ‘निश्चित करावीत’, ‘ही विनंती’. जिथे नियम आहे तिथे विनंती नको, सरळ विधान करा : ‘दुसऱ्या दिवशी बदली व्यक्ती घेतली जाणार नाही.’ आणि हेड तुमच्यापेक्षा वरच्या पदावर असल्याने मेल तुमच्या नावाने न जाता साहेबांच्या नावाने जाऊ द्या, किंवा तुमच्याकडे एमआर, म्हणजे मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, असेल तर त्यांच्या नावाने. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत एमआर नेमलाच पाहिजे अशी अट राहिलेली नाही, तरी पुष्कळ कारखान्यांत ते पद अजून आहे आणि त्यांच्या सहीला लोक मानतात.

तुमच्या प्रश्नातल्या माहितीवरून मसुदा असा होईल. जागांची वाटणी, बसची वेळ, हॉल हे मी धरून चाललोय, तुमचं खरं असेल ते घाला.

> विषय : आयएसओ ९००१ इंटर्नल ऑडिटर प्रशिक्षण, २४ व २५ फेब्रुवारी २०२६ : नावे पाठविण्याबाबत (मुदत सोमवार, १६ फेब्रुवारी, सायं. ५ पर्यंत)
>
> प्रति : युनिट प्रमुख, अक्कलकोट रोड, युनिट प्रमुख, चिंचोळी
> प्रत : सर्व विभागप्रमुख, टाइम ऑफिस, दोन्ही युनिट
>
> महोदय / महोदया,
>
> दोन्ही युनिटमधील अंतर्गत ऑडिटसाठी नवे ऑडिटर तयार करण्याकरिता दोन दिवसांचे प्रशिक्षण आयोजित केले आहे. एकूण २० जागांपैकी अक्कलकोट रोड युनिटसाठी १२ व चिंचोळी युनिटसाठी ८ जागा आहेत. आपल्या युनिटमधील नावे निश्चित करून, प्रत्येक युनिटमागे एका राखीव नावासह, सोमवार, दि. १६ फेब्रुवारी २०२६ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत सोबतच्या तक्त्यात भरून या मेलच्या उत्तरात पाठवावीत, ही विनंती. मुदतीनंतर रिकाम्या राहिलेल्या जागा दुसऱ्या युनिटला दिल्या जातील. अंतिम यादी बुधवार, दि. १८ फेब्रुवारी रोजी कळविण्यात येईल.
>
> निवड : उमेदवाराने युनिटमध्ये किमान एक वर्ष काम केलेले असावे व त्याला निरीक्षणे मराठीत किंवा इंग्रजीत लिहिता यावीत. ऑडिटरला स्वतःच्या विभागाचे ऑडिट करता येत नसल्याने एका विभागातून जास्तीत जास्त दोन नावे द्यावीत. प्रशिक्षण मराठीत होईल. वाचन-साहित्य इंग्रजीत असेल.
>
> स्थळ : प्रशिक्षण हॉल, पहिला मजला, कार्यालयीन इमारत, अक्कलकोट रोड युनिट. प्रवेश गेट क्र. १ मधून. चिंचोळी युनिटच्या उमेदवारांसाठी कंपनीची बस दोन्ही दिवशी सकाळी ८.०० वाजता चिंचोळी गेटवरून सुटेल व सायंकाळी ५.४५ वाजता परत निघेल.
>
> वेळापत्रक :
> मंगळवार, २४ फेब्रुवारी : नोंदणी ९.०० ते ९.२५, सत्रे ९.३० ते १.१५ व २.०० ते ५.३० (मानकातील कलमे, ऑडिटचे नियोजन, चेकलिस्ट).
> बुधवार, २५ फेब्रुवारी : सही ९.०० ते ९.२५, विव्हिंग व पॅकिंग विभागांत प्रत्यक्ष सराव ९.३० ते १.१५, निरीक्षणे लिहिणे व लेखी चाचणी २.०० ते ५.३०.
> दुसऱ्या दिवशी सेफ्टी शूज आवश्यक.
>
> उपस्थिती : दोन्ही दिवस पूर्णवेळ उपस्थिती आवश्यक आहे. सही सकाळी व जेवणानंतर अशी दोन वेळा घेतली जाईल. चारही सह्या व लेखी चाचणी पूर्ण करणाऱ्यांनाच प्रमाणपत्र मिळेल व त्यांचीच नोंद ऑडिटर यादीत होईल. उमेदवार बदलायचा असल्यास शुक्रवार, दि. २० फेब्रुवारीपर्यंत मेलने कळवावे. दुसऱ्या दिवशी बदली व्यक्ती घेतली जाणार नाही.
>
> उमेदवारांना दि. २३ ची रात्रपाळी देऊ नये व दि. २४ आणि २५ रोजी त्यांची जनरल शिफ्ट लावावी. हे दोन दिवस ऑन ड्युटी धरले जातील. टाइम ऑफिसने हजेरीपत्रकावरून नोंद घ्यावी.
>
> चहा व दुपारच्या जेवणाची व्यवस्था कंपनीतर्फे आहे.
>
> आपला / आपली,
> (नाव, पद, अंतर्गत फोन क्रमांक)
>
> तक्ता : अ.क्र. / पूर्ण नाव, प्रमाणपत्रावर हवे त्या इंग्रजी स्पेलिंगसह / कर्मचारी क्रमांक / विभाग / सध्याची पाळी / मोबाइल / मंगळवारचा उपास असल्यास हो

विषयाच्या ओळीत मुदत का घातली, असं साहेब विचारतील. हेडचा मेलबॉक्स सकाळी शिपमेंटच्या मेलने भरलेला असतो. तो मेल उघडेल तेव्हा उघडेल, पण ‘१६ फेब्रुवारी’ त्याला न उघडता दिसते. मुदत १६ ठेवली तेही विचार करून. १९ ला शिवजयंतीची सुट्टी आहे. मुदत १८ ठेवली तर यादी जुळवायला तुमच्याकडे शुक्रवारचा एकच दिवस उरतो.

तक्त्यातली दोन-तीन घरं क्षुल्लक वाटतात, पण ती ठेवा. स्पेलिंग लिहून घेतलं नाही तर एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं प्रमाणपत्रावर येतात, आणि पुण्याच्या ट्रेनरकडून प्रमाणपत्र परत छापून आणायला महिना जातो. तेलुगू आडनावांच्या बाबतीत हे हमखास होतं. ‘सध्याची पाळी’ या घरावरून २३ च्या रात्रपाळीला कोण आहे हे तुम्हाला १६ तारखेलाच दिसतं, हेडच्या लक्षात आलं नसलं तरी. उपासाचं म्हणाल तर मंगळवार करणारे दोन-चार जण वीसात निघतातच. शेंगापोळी आहे म्हणून त्यांनी काही खायचं नाही का?

वेळापत्रक मी मुद्दाम एवढंच ठेवलंय. सत्रागणिक विषय, कोणत्या कलमाला किती मिनिटं, चहाची सुट्टी कधी, हे सगळं ट्रेनरने पाठवलेलं असेल. ते वेगळं जोडा. हेडला माणूस किती वाजता जातो आणि किती वाजता परत मिळतो एवढं पुरतं. अपवाद दुसऱ्या दिवसाच्या सकाळचा. वीस माणसं विव्हिंग आणि पॅकिंगमध्ये फिरणार, लोकांना प्रश्न विचारणार, रजिस्टरं मागणार. ही बातमी त्या दोन विभागांच्या प्रमुखांना मेलमधूनच कळली पाहिजे. नाहीतर दारात कोणीतरी ‘कोणाला विचारून आलात’ म्हणतं.

मॅडमचा मजकूर फेकू नका. तो वाईट नाही, फक्त चुकीच्या वेळी निघाला असता. १८ ला यादी पक्की झाली की त्या वीस जणांचा ग्रुप करा आणि तोच मजकूर तारीख, हॉल आणि बसची वेळ घालून तिथे टाका. त्यांना आता ‘यायचं का’ हे ठरवायचं नाही, त्यामुळे ‘येताय ना?’ ऐवजी ‘भेटू २४ ला, नऊ वाजता’ चालेल. शेंगापोळी ठेवा.

मेल गेल्यावर उत्तरं कशी येतात त्यावरून तो नीट झाला की नाही ते कळतं. ‘इंटरेस्ट कोणाला आहे विचारतो’ असं उत्तर आलं, तर हेडने अजून त्याला निमंत्रणच समजलंय. त्याला मेलवर मेल पाठवू नका, फोन करा आणि म्हणा, ‘साहेब, तुमच्या आठ जागा आहेत, डाइंगमधून कोण देताय?’ विभागाचं नाव घेऊन विचारलं की माणसाचं नाव येतं. दोन्ही युनिटमधून एकच प्रश्न दोनदा आला, तर ती माहिती मेलमध्ये नाही किंवा फार खाली आहे, तेव्हा सगळ्यांना एक छोटा खुलासा पाठवा. १६ तारखेला दुपारी एक आठवण पाठवा, पण नवा मेल नको. मूळ मेलवरच उत्तर देऊन ‘आपल्या युनिटची ५ नावे आली, ३ बाकी आहेत’ असं लिहा. आकडा दिसला की हेड उरलेली नावं शोधतो, ‘कृपया लक्ष द्यावे’ने शोधत नाही.

राहिली गोष्ट जागा दुसऱ्या युनिटला देण्याची. ते लिहिलंय तर कराच. चिंचोळीची दोन नावं मुदतीत आली नाहीत तर १७ ला सकाळी अक्कलकोट रोडच्या राखीव यादीतून एक घ्या, राखीव संपले तर अक्कलकोट रोडच्या हेडकडे आणखी एक मागा, आणि चिंचोळीला प्रत ठेवून कळवा. मग १७ ला संध्याकाळी चिंचोळीहून फोन येईल, ‘आमची दोन नावं घ्या ना.’ तेव्हा ‘राखीवमध्ये टाकतो’ म्हणा आणि खरंच टाका, कारण २० तारखेपर्यंत कोणीतरी गळतंच. आणि २४ ला गळलेला माणूस २५ ला ‘आज आलो’ म्हणून उभा राहिला तर त्याला फ्लोअरवरच्या सरावाला नेऊ नका, चहा देऊन परत पाठवा आणि पुढच्या तुकडीत त्याचं नाव पहिलं घ्या.